एकदम आलेल्या सहा फाईली: ताडायच्या, जोडायच्या की वेगळ्या ठेवायच्या?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या रोजच्या कामातला आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन-तीन मिनिटांत पाच-सहा फाईली येऊन पडतात. सोबत एक ओळसुद्धा नसते. मग खाली एकेकाचे प्रश्न सुरू होतात. "सर, नेमकं काय करायचं?" "मॅडम, सगळ्याच भरायच्या का?" "जुनी यादी चालेल का?" उत्तर येईपर्यंत कोणी सगळ्या फाईली एकमेकींना जोडून मोकळा होतो, कोणी फक्त शेवटची फाईल उघडतो, तर कोणी काहीच उघडत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. फाईलसोबत निरोप नसला, तरी काय करायचं ते बहुतेक वेळा फाईलच सांगते. फक्त तिला दोन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, या फाईलमधली एक ओळ म्हणजे काय? दुसरा, तेच लेकरू दोन्ही फाईलींत आहे का? या दोन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

ओळीचा अर्थ सारखा आणि लेकरंही तीच असतील, तर त्या एकाच यादीच्या दोन आवृत्त्या असतात. त्या ताडून बघायच्या. ओळीचा अर्थ सारखा पण लेकरं वेगळी असतील, तर ते एकाच यादीचे दोन तुकडे असतात. ते जोडायचे. आणि ओळीचा अर्थच वेगळा असेल, तर लेकरं तीच असली तरी फाईली वेगळ्या ठेवायच्या. आता हे आमच्या कंधार तालुक्यातल्या एका उदाहरणावरून बघू. लेकरांची नावं अर्थातच देत नाही.

फाईली कोणत्या होत्या

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. एका जिल्हा परिषद शाळेच्या, पहिली ते पाचवीच्या, सहा फाईली एकदम आल्या:

```
Students.xlsx
Students (1).xlsx
1st.xlsx
New Microsoft Excel Worksheet.xlsx
DOC-20231201-WA0009.pdf
DOC-20231201-WA0010.pdf
```

नावांवरून काय कळतं? खरं सांगायचं तर फार थोडं. `Students (1)` मधला `(1)` म्हणजे "सुधारित प्रत" असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. ज्या मोबाईलमध्ये किंवा संगणकात `Students` नावाची फाईल आधीच होती, तिथे त्याच नावाची दुसरी फाईल उतरवली की यंत्र आपोआप `(1)` लावतं. ती दुसरी फाईल नवी असेल, जुनी असेल, किंवा तीच पुन्हा उतरवलेली असेल. तसंच `DOC-20231201` हे नाव व्हॉट्सॲपने दिलेलं असतं. ही तारीख कोणाच्या तरी फोनमध्ये फाईल पोचल्याची आहे. आतलं पत्र त्या दिवशीचं आहे, असा तिचा अर्थ नाही.

म्हणून नावावर न जाता आधी दोन गोष्टी बघायच्या. एक, फाईलचा आकार. दोन फाईलींचा आकार अगदी बाइटपर्यंत सारखा असेल, तर बहुधा ती एकच फाईल दोनदा आली आहे, आणि उघडून खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. दुसरी गोष्ट, ती शेवटची कधी जतन केली. संगणकावर एक्सेलमध्ये File मधल्या Info मध्ये Last Modified दिसतं आणि बऱ्याचदा शेवटी कोणी जतन केली तेही दिसतं. आपण फाईल उघडून Save दाबलं की ही तारीख बदलते. म्हणून आधी सगळ्या मूळ फाईली एका फोल्डरमध्ये तशाच ठेवायच्या आणि काम त्यांच्या प्रतीवर करायचं.

या उदाहरणात `Students` शेवटची ऑक्टोबरच्या सुरुवातीला जतन झालेली होती आणि `Students (1)` नोव्हेंबरच्या शेवटी. आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पटाला किती महत्त्व आहे ते तुम्हाला माहीत आहेच. संचमान्यतेपासून सगळं त्या पटावर उभं असतं. म्हणजे पहिली यादी ३० सप्टेंबरच्या पटाची असावी आणि दुसरी दिवाळीनंतरची, असा अंदाज बांधता आला. पण तो अंदाजच. खात्री आतल्या ओळींवरून करायची.

पहिला प्रश्न: एक ओळ म्हणजे काय?

चारही एक्सेल फाईली उघडल्या आणि कागदावर फक्त एवढंच लिहिलं.

`Students`: ९६ ओळी. एक ओळ म्हणजे पटावरचं एक लेकरू. इयत्ता दुसरी ते पाचवी.

`Students (1)`: ९७ ओळी. एक ओळ म्हणजे पटावरचं एक लेकरू. इयत्ता दुसरी ते पाचवी.

`1st`: २१ ओळी. एक ओळ म्हणजे पटावरचं एक लेकरू. इयत्ता पहिली.

`New Microsoft Excel Worksheet`: ११ ओळी. रकाने असे: नाव, इयत्ता, कुठे गेले, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख.

शेवटची फाईल वरवर पाहिली तर तीही मुलांचीच यादी वाटते. नाव आहे, इयत्ता आहे. पण तिच्यातली एक ओळ म्हणजे एक लेकरू नाही, तर एक स्थलांतर. आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एखादं लेकरू आई-बापासोबत जातं, आजीकडे परत येतं आणि आजी आजारी पडली की पुन्हा जातं. त्याच्या दोन ओळी होतात. इथेही तसंच होतं. ओळी ११, पण लेकरं १०. एक मुलगा दोनदा गेलेला होता.

ही फाईल इतरांना जोडली असती, तर शाळेच्या पटात ११ लेकरं फुकटची वाढली असती. ती "जुनी यादी असेल" म्हणून बाजूला टाकली असती, तर पुढे जे सापडलं ते सापडलंच नसतं. म्हणून वेगळी ठेवायची याचा अर्थ दुर्लक्ष करायचं असा नाही. ती शेजारी उघडी ठेवायची, फक्त मिसळायची नाही.

दुसरा प्रश्न: तेच लेकरू दोन्हीकडे आहे का?

हे कशावरून ओळखायचं? बहुतेकजण नावावरून ओळखतात आणि तिथेच अडकतात. एका यादीत "राठोड", दुसरीत "राठौड". एकीकडे "शेख", दुसरीकडे "शैख". एकीत आडनाव आधी, दुसरीत नाव आधी. कुठे दोन शब्दांमध्ये चुकून दोन वेळा जागा सोडलेली. आपल्या डोळ्यांना हे सगळं एकच दिसतं, पण एक्सेलला ती वेगळी माणसं वाटतात. या दोन याद्या नावावरून ताडल्या तेव्हा ९६ पैकी तब्बल २३ लेकरं दुसऱ्या यादीत "नाहीत" असं दिसलं. एका लहान गावातून दोन महिन्यांत २३ लेकरं गायब होत नसतात. आकडा असा अवास्तव आला, की समजायचं, गडबड लेकरांत नाही, ताडण्याच्या पद्धतीत आहे.

ताडायचं ते जनरल रजिस्टरच्या नंबरावरून. एका शाळेत तो नंबर एकाच लेकराचा असतो आणि शुद्धलेखनाने तो बदलत नाही. दोन्ही याद्या एकाच एक्सेल फाईलमध्ये दोन शीटवर घ्यायच्या. एका शीटला `Juni`, दुसरीला `Navi` नाव द्यायचं. दोन्हीकडे रजिस्टर नंबर `B` रकान्यात ठेवायचा. मग `Juni` शीटवर रिकाम्या रकान्यात, दुसऱ्या ओळीत, हे लिहून खाली ओढायचं:

```
=COUNTIF(Navi!$B:$B,B2)
```

उत्तर 1 आलं तर ते लेकरू नव्या यादीत आहे. 0 आलं तर नाही. 2 आलं तर तो नंबर नव्या यादीत दोनदा आहे, ते आधी बघायचं. मग हेच उलट बाजूने करायचं. `Navi` शीटवर `=COUNTIF(Juni!$B:$B,B2)`. दोन्ही बाजूंनी करणं गरजेचं आहे. एका बाजूने फक्त गेलेली लेकरं कळतात, आलेली कळत नाहीत.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. रजिस्टर नंबर एकीकडे देवनागरी अंकांत आणि दुसरीकडे इंग्रजी अंकांत टंकलेला असेल, तर तो जुळेलच असं नाही. आधी दोन्हीकडे एकाच लिपीत करून घ्या. दुसरी गोष्ट सरलच्या स्टुडंट आयडीची. तो १९ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नीट सांभाळतं. पुढचे अंक शून्य होऊन जातात आणि पडद्यावर `2.01E+18` असं काहीतरी दिसतं. एकदा असं जतन झालं की मूळ अंक परत येत नाहीत. तो रकाना मजकूर म्हणून जपलेला असला तरी `COUNTIF` त्याला संख्याच समजून बघतं. एकाच शाळेतल्या लेकरांच्या आयडीचे सुरुवातीचे बरेच अंक सारखेच असतात, त्यामुळे नसलेलं लेकरूही "आहे" असं उत्तर येऊ शकतं. म्हणून शाळेपुरतं ताडायचं असेल तर रजिस्टर नंबरच बरा.

ताडल्यावर काय दिसलं

आधी `1st` ही फाईल. तिच्यातल्या २१ पैकी एकही नंबर बाकीच्या दोन याद्यांत नव्हता. रकाने तेच आणि त्याच क्रमाने होते. म्हणजे हा त्याच यादीचा तुकडा. बहुधा पहिलीच्या वर्गशिक्षकांनी आपल्या वर्गाची यादी वेगळी दिली असावी. ही सरळ जोडायची. जोडण्याची खूण हीच, की सामाईक लेकरू एकही नाही. एखाद-दुसरं जरी सामाईक निघालं, तरी जोडण्याआधी थांबून ते का, हे शोधायचं.

आता दोन मोठ्या याद्या. एक ९६ ची, दुसरी ९७ ची. वरवर पाहणारा म्हणेल, एक लेकरू वाढलं, झालं. पण दोन्ही बाजूंनी ताडल्यावर चित्र वेगळं निघालं. दोन्हींत असलेली लेकरं ९१. फक्त जुन्यात ५. फक्त नव्यात ६. बेरजेतला फरक एकाचा आणि प्रत्यक्षातला फरक ११ ओळींचा. गणिताच्या तासाला हे मुलांना दाखवण्यासारखं आहे. बेरजा जवळ आल्या म्हणजे याद्या जवळ आल्या असं होत नाही.

या ११ ओळी एकेक करून जनरल रजिस्टरशी पडताळल्या. इथे संगणक बाजूला राहतो आणि कपाटातलं रजिस्टर काढावं लागतं.

फक्त नव्या यादीत असलेल्या सहांपैकी पाच लेकरं दिवाळीनंतर दुसऱ्या शाळेतून दाखल झालेली होती. रजिस्टरला त्यांची नोंद होती. सहावी ओळ मात्र ओळखीची होती. तेच नाव, तीच जन्मतारीख असलेली मुलगी "फक्त जुन्यात" असलेल्या पाचांमध्येही होती. एका यादीत तिचा नंबर 1274, दुसरीत 1247. टंकताना शेवटचे दोन अंक उलटे झालेले. ही एकच मुलगी, पण नंबरामुळे एकीकडे गेलेली आणि दुसरीकडे नव्याने आलेली दिसत होती. हे ओळखण्याची युक्ती लक्षात ठेवा: दोन्ही बाजूंची "न जुळलेली" नावं शेजारी-शेजारी लिहून जन्मतारखेवरून लावून बघायची. अशी जोडी निघाली की ती बहुधा टंकनाची चूक असते.

फक्त जुन्या यादीत असलेली आता चार लेकरं उरली. त्यांतल्या दोघांनी दाखला नेलेला होता आणि रजिस्टरच्या शेऱ्यात तशी तारीख होती. ती नव्या यादीतून गेली हे बरोबरच.

उरली दोन. बहीण-भाऊ. चौथीतली बहीण आणि दुसरीतला भाऊ. दाखला नेलेला नाही, रजिस्टरला शेरा नाही, तरी नव्या यादीत नाहीत. मग त्या वेगळ्या ठेवलेल्या चौथ्या फाईलमध्ये बघितलं. तिथे दोघंही होते. आई-बापासोबत ऊसतोडीला गेलेले, आणि परतल्याच्या तारखेचा रकाना रिकामा.

म्हणजे यादी करणाऱ्याने "सध्या शाळेत नाहीत" म्हणून त्यांना पटावरून काढलं असावं. पण स्थलांतराच्या फाईलमधली बाकीची आठ लेकरं नव्या यादीत तशीच होती. दहापैकी आठ ठेवली आणि दोन काढली. नियम म्हणून काढली असती तर दहाही गेली असती. यावरूनच कळलं की हा निर्णय नसून हात चुकला आहे. ऊसतोडीला गेलेल्या लेकराचा दाखला निघालेला नसेल, तर ते आपल्या पटावरचंच असतं. आपण त्याला शिक्षण हमी कार्ड देतो ते याचसाठी, की जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावं आणि परत आल्यावर आपल्याच वर्गात यावं. पटावरून नाव गेलं की ते लेकरू इथल्या यादीत नाही आणि तिथल्या यादीतही नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर परत येईल तेव्हा बाईंच्या हजेरीत त्याचं नाव नसेल. पुढच्या वर्षीची पुस्तकं आणि गणवेश यांची मागणी याच यादीवरून जाणार असते.

आता हिशोब लावून बघा. जुन्या ९६ मधून दाखला नेलेले २ वजा आणि नवे ५ अधिक, म्हणजे ९९. दुसऱ्या बाजूने, नव्या ९७ मध्ये बहीण-भाऊ २ अधिक, म्हणजे ९९. दोन्हीकडून आकडा जुळला. त्यात पहिलीचे २१ जोडले की १२०. वर्गांच्या हजेरीपटांची बेरीजही १२० आली. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर येणं, ही ताळ्याची खूण. तोपर्यंत काम पूर्ण झालं असं समजायचं नाही.

दोन्हींतलं थोडं-थोडं घेऊन तिसरी यादी करू नका

ताडताना एक मोह होतो. इथलं बरं वाटलं ते घेतलं, तिथलं बरं वाटलं ते घेतलं आणि एक गोड तिसरी यादी तयार केली. मग महिन्याभराने कोणी विचारलं की हे नाव कुठून आलं, तर सांगता येत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. १९१९ साली काम सुरू झालं आणि १९६६ साली पूर्ण झालं. देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ तिथे ताडले गेले. त्या छापील पानाची मांडणी बघण्यासारखी आहे. वर ठरवलेला पाठ आणि खाली टिपांत, कोणत्या प्रतीत त्या जागी काय आहे ते. निर्णय घेतला, पण बाकीच्या प्रती पुसल्या नाहीत. उद्या कोणाला तो निर्णय पटला नाही, तर त्याला तपासता येतो.

आपल्यालाही एवढंच करायचं आहे. एक यादी पाया म्हणून धरायची. इथे नवी यादी धरली, कारण तिच्यात दुरुस्त्या कमी लागणार होत्या. तिच्या शेवटी "शेरा" नावाचा एक रकाना वाढवायचा. ज्या ओळीला हात लावला, तिथे लिहायचं: "जुन्या यादीतून परत घेतले, दाखला नेलेला नाही, स्थलांतर यादीत नोंद." किंवा, "नंबर 1247 होता, रजिस्टरप्रमाणे 1274 केला." ९९ ओळींत तीन-चार शेरे होतात. वेळ फार लागत नाही.

दोन पीडीएफचं काय?

पीडीएफमध्ये ओळी नसतात, पण प्रश्न तोच लागू पडतो. पहिला कागद एक शासन निर्णय होता आणि दुसरा शुद्धिपत्रक. अनेकदा आपण दोन्ही जोडून एक पीडीएफ करतो आणि पहिलंच वाचतो. त्याऐवजी कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी बघावं.

"शुद्धिपत्रक" असेल तर त्यात बहुधा "अमुक ऐवजी तमुक वाचावे" अशा ओळी असतात. ते एकटं वाचून काही कळत नाही. मूळ निर्णय शेजारी घेऊन तो शब्द तिथे बदलून वाचायचा. म्हणजे हे ताडण्याचं काम. "पूरकपत्र" असेल तर मूळ तसंच राहतं आणि त्याला नवीन भर पडते. म्हणजे जोडण्याचं काम. आणि नव्या निर्णयात आधीचा निर्णय "अधिक्रमित करण्यात येत आहे" असं असेल, तर जुना कागद फाईलला राहील, पण वापरायचा नवाच.

कोणत्या मूळ निर्णयाचं हे शुद्धिपत्रक आहे, ते "वाचा" या शब्दाखालच्या यादीत सापडतं. तिथे आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. शिवाय शासनाच्या संकेतस्थळावरच्या निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. फाईलचं नाव `DOC` काहीही असो, आधीचा कागद कोणता आणि नंतरचा कोणता ते यावरून कळतं.

पालकांसाठी थोडंसं

पालकहो, हेच आपल्या फोटोंच्या बाबतीतही होतं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी मोबाईलवर चार फोटो येतात आणि खाली काहीच नसतं. एक जन्मदाखल्याचा, दोन आधार कार्डाचे आणि एक आणखी आधार कार्ड.

बाईंना ते असे लावावे लागतात. आधारची पुढची आणि मागची बाजू हे एकाच कागदाचे दोन तुकडे आहेत, ते जोडायचे. जन्मदाखला आणि आधार हे एकाच लेकराबद्दल सांगणारे दोन वेगळे कागद आहेत. ते ताडायचे: नावाचं स्पेलिंग तेच आहे का, जन्मतारीख तीच आहे का. आणि चौथा फोटो धाकट्या भावाच्या आधारचा निघाला, तर तो वेगळा ठेवायचा. भावाभावांच्या आधारवर वडिलांचं नाव आणि पत्ता एकच असतो. घाईत एकाचा नंबर दुसऱ्याच्या नावापुढे जाण्याची भीती तिथेच असते.

जन्मदाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीख वेगळी दिसली, तर कृपा करून "जी सोयीची असंल ती घाला" म्हणू नका. कोणता कागद दुरुस्त करायचा ते आधी ठरवा. रजिस्टरला एकदा चढलेली तारीख दाखल्यावर जाते आणि दहावीपर्यंत सोबत राहते. तुमच्याकडून एवढंच झालं तरी पुरे: प्रत्येक फोटोखाली लेकराचं नाव आणि "आधार मागची बाजू" असे दोन शब्द.

पाठवणाऱ्याला विचारायचं ते कसं

एवढं करूनही एखादी गोष्ट फाईलवरून कळतच नाही. त्या बहीण-भावांचं नाव चुकून गेलं की कोणाच्या सांगण्यावरून काढलं, हे फाईल सांगणार नव्हती. तिथे विचारावंच लागतं. पण "काय करायचं?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "लवकर भरून पाठवा." प्रश्न असा असावा, की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता यावं. इथे असा निरोप गेला:

"सर, दोन याद्या ताडल्या. नवीन यादी पाया धरली आहे. चौथीतील एक मुलगी व दुसरीतील एक मुलगा (दाखला नेलेला नाही, ऊसतोड स्थलांतर) नवीन यादीत नाहीत. त्यांना परत घेऊन दुसरी ते पाचवीचा पट ९९ आणि पहिलीसह १२० धरत आहे. स्थलांतराची यादी वेगळी ठेवली आहे. बरोबर का?"

पाच मिनिटांत उत्तर आलं, "हो, बरोबर. ती दोन नावं राहून गेली होती."

आता पाठवणारे आपणही असतोच. वर्गशिक्षक म्हणून मुख्याध्यापकांना, मुख्याध्यापक म्हणून केंद्राला. तेव्हा फाईलच्या नावातच तीन गोष्टी टाका: कोणाची यादी, कोणत्या दिवसाचा पट, आणि किती ओळी. उदाहरणार्थ:

```
Pat_2te5_2023-11-30_97.xlsx
Sthalantar_2023-11-30_11.xlsx
```

यात "final" हा शब्द मुद्दाम नाही. "final" नंतर "final2" येतंच, आणि त्यावरून काहीच कळत नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली, की फोल्डरमध्ये जुन्या-नव्या फाईली आपोआप क्रमाने लागतात. शेवटचा आकडा ओळींचा. उघडणाऱ्याला तेवढ्याच ओळी दिसल्या नाहीत, तर वाटेत काहीतरी गळलं हे त्याला लगेच कळेल. आणि फाईलीखाली एक ओळ: "पटाची यादी जुन्या यादीशी ताडावी, स्थलांतराची वेगळी ठेवावी." एवढं लिहिलं, तर पलीकडच्या शिक्षकाला वरची सगळी उठाठेव करावी लागणार नाही.